परभाषेतली शिवी हलकी का वाटते?

प्रश्न: मराठी माझी मातृभाषा, इंग्रजी मी शाळेत शिकलो आणि आता कामामुळे दिवसभर तीच बोलतो. इंग्रजीतली घाणेरडी शिवी माझ्या तोंडून सहज निघून जाते, पण त्याच अर्थाची मराठी शिवी एकटा असतानाही उच्चारवत नाही. अर्थ एकच असताना असे का होते? आणि मला हलकी वाटते म्हणजे ती खरोखरच हलकी असते का?

उत्तर:

शिवीचा जो भार तुम्हाला जाणवतो, तो तिच्या अर्थातून फारसा येत नाही. तो शब्द तुम्ही कोणत्या वयात, कोणाच्या तोंडून आणि कोणत्या परिस्थितीत पहिल्यांदा ऐकला, आणि तो उच्चारल्यावर तुमचे काय झाले, यातून तो येतो. मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहे आणि गेली वीस वर्षे मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत समुपदेशन करते. तुमचा अनुभव मी अनेकांकडून ऐकला आहे, आणि त्यावर प्रयोगशाळेत झालेले कामही बरेच विश्वासार्ह आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र बहुतेकांना अनपेक्षित वाटते, म्हणून त्यासाठी मी अधिक जागा घेणार आहे.

मूल मातृभाषेतली शिवी कशी शिकते, ते आधी पाहू. चार-पाच वर्षांचे मूल कुठेतरी एक शब्द ऐकते आणि घरी येऊन तो जसाच्या तसा बोलून दाखवते. त्याला अर्थ ठाऊक नसतो. पण खोली एकदम शांत होते, आईचा चेहरा बदलतो, कोणीतरी डोळे वटारते, क्वचित पाठीत धपाटा बसतो. या क्षणी मूल त्या शब्दाविषयी एकच गोष्ट शिकते: हा आवाज तोंडातून काढणे धोक्याचे आहे. अर्थ त्याला पुढे कित्येक वर्षांनी कळतो. म्हणजे मातृभाषेतल्या शिवीच्या बाबतीत भीती आधी येते आणि अर्थ मागून येतो, आणि ती भीती अर्थाला चिकटलेली नसून त्या विशिष्ट ध्वनीला चिकटलेली असते.

ध्वनीला चिकटलेली असते, हे मी सैलपणे म्हणत नाही. आपण मराठीत ‘आयला’ किंवा ‘च्यायला’ किती सहज म्हणतो, ते आठवून पाहा. मुळात ती आईवरून दिलेल्या शिवीचीच झिजलेली रूपे आहेत, आणि ऐकणाऱ्याला विचारले तर तो हे सांगूही शकतो. तरीही मूळ शिवी पूर्ण उच्चारताना जी जीभ अडखळते, ती या झिजलेल्या रूपांपाशी अडत नाही. जेफ्री बॉवर्स आणि क्रिस्टोफर प्लेडेल-पिअर्स यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हीच गोष्ट मोजली. त्यांनी इंग्रजी भाषकांना काही शिव्या, त्याच शिव्यांचे सौम्य पर्याय आणि काही साधे शब्द मोठ्याने म्हणायला लावले. शिवी आणि तिचा सौम्य पर्याय यांचा निर्देश एकाच गोष्टीकडे असूनही खरी शिवी उच्चारताना शरीराची प्रतिक्रिया स्पष्टपणे मोठी होती. एका भाषेच्या आतच जर एवढा फरक पडत असेल, तर दोन भाषांत तो पडला याचे नवल वाटू नये.

आता तुमची इंग्रजी शिवी पाहा. ती तुम्हाला बहुधा वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षानंतर मिळाली असेल, मित्रांकडून किंवा चित्रपटातून. तिचा अर्थ तुम्ही कुजबुजत विचारून घेतलात, आणि तो कळल्यावर सगळे हसलात. घरातल्या कोणी तो शब्द ऐकला असता तरी कदाचित त्यांना तो कळलाही नसता. म्हणजे इथे क्रम उलटा झाला: अर्थ आधी आला आणि धाक कधी आलाच नाही. त्या शब्दाशी जोडलेली आठवण मोठे झाल्याची, टोळीत सामील झाल्याची आहे. मार खाल्ल्याची नाही.

हे मोजतात कसे, ते थोडक्यात सांगते, कारण मोजण्याची रीत समजली की निष्कर्षांच्या मर्यादाही समजतात. तळहातावर आणि बोटांवर असलेल्या घामाच्या ग्रंथी आपल्या इच्छेने चालत नाहीत. अनुकंपी मज्जासंस्था त्यांना चालवते. मनाला धक्का बसला की त्या किंचित पाझरतात, त्वचेतून वीज अधिक सहज वाहते, आणि दोन बोटांना लावलेल्या पट्ट्यांमधून हा बदल मोजता येतो. शब्द कानावर पडल्यानंतर साधारण एक ते तीन सेकंदांत ही प्रतिक्रिया सुरू होते. व्यक्ती चेहऱ्यावर काहीही दाखवत नसली, ‘मला काही वाटले नाही’ असे म्हणत असली, तरी बोटे आपले काम करतात. मात्र हे मोजमाप क्षोभ किती झाला एवढेच सांगते. तो राग होता, लाज होती की गंमत वाटली, हे सांगत नाही. आणि तोच शब्द पुनःपुन्हा ऐकवला तर प्रतिक्रिया विझत जाते, त्यामुळे शब्दांचा क्रम आणि त्यांमधील अंतर फार काळजीपूर्वक ठरवावे लागते.

कॅथरीन हॅरिस, आयशे आयचिचेगी आणि जीन बर्को ग्लीसन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयातला पायाभूत अभ्यास मानला जातो. त्यात मातृभाषा तुर्की आणि दुसरी भाषा इंग्रजी असलेल्या ३२ जणांच्या बोटांना पट्ट्या लावून दोन्ही भाषांतले निरनिराळ्या प्रकारचे शब्द आणि वाक्ये देण्यात आली. निषिद्ध शब्दांना मातृभाषेत अधिक तीव्र प्रतिक्रिया मिळाली, हे अपेक्षितच होते. परंतु त्या अभ्यासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग शिव्यांविषयीचा नाही. संशोधकांनी लहानपणी ऐकलेली रागावण्याची वाक्येही त्यात घातली होती, म्हणजे आपल्याकडच्या ‘लाज नाही वाटत?’ किंवा ‘जा तुझ्या खोलीत’ यांसारखी. या वाक्यांत एकही अश्लील शब्द नसतो. तरीही मातृभाषेतल्या अशा वाक्यांनी प्रौढ, शिकलेल्या माणसांची बोटे ओलावली आणि त्याच वाक्यांच्या इंग्रजी रूपांनी तेवढी ओलावली नाहीत. भार निव्वळ अश्लीलतेत असता, तर या वाक्यांना तो मिळालाच नसता. ज्या आवाजात आणि ज्या भाषेत आपल्याला शिस्त लावली गेली, त्या भाषेची सत्ता अजून शरीरावर चालते, असाच याचा अर्थ मी घेते.

हॅरिस यांनी २००४ मध्ये स्पॅनिश आणि इंग्रजी बोलणाऱ्यांवर असाच प्रयोग केला, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्यांना इंग्रजी अगदी लहानपणी लागली होती, त्यांच्यात दोन भाषांतला हा फरक आढळला नाही. ज्यांना ती उशिरा लागली, त्यांच्यात रागावण्याची वाक्ये स्पॅनिशमध्ये अधिक झोंबत होती. म्हणून ‘दुसरी भाषा’ हा क्रमांक फसवा आहे. अंगणात खेळताना, शेजाऱ्यांच्या मुलांशी भांडताना तिसऱ्या वर्षी जी भाषा लागली, ती घरची नसली तरी तिच्यातली शिवी घरच्याइतकीच भारी असू शकते. ज्यां-मार्क देवाल आणि अनेता पाव्लेंको यांनी २००१ ते २००३ या काळात इंटरनेटवरून घेतलेल्या प्रश्नावलीला हजाराहून अधिक बहुभाषकांनी उत्तरे दिली, आणि देवाल यांनी तिच्यातून काढलेला निष्कर्षही याच दिशेचा आहे: शिवीचा भार पहिल्या भाषेत सर्वाधिक असतो आणि नंतर शिकलेल्या भाषांत तो पायरीपायरीने उतरत जातो, परंतु जी भाषा केवळ वर्गात न शिकता माणसांत वावरून आत्मसात केली आणि जी नेहमी वापरात आहे, तिच्यात तो अधिक राहतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. शिवी तुम्हाला हलकी वाटते, ही तुमच्या शरीराविषयीची खरी माहिती आहे. समोरच्या माणसाविषयी ती काहीच सांगत नाही. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले होते. ओळख कळू नये म्हणून तपशील बदलून सांगते. वय चाळिशीच्या आत, शिक्षण दहावीपर्यंत मराठीतून, काम पूर्णपणे इंग्रजीतून. बैठकीत त्यांनी एका सहकारी स्त्रीला उद्देशून इंग्रजीतला एक शब्द वापरला आणि तिने लेखी तक्रार केली. ती इंग्रजी बोलणाऱ्या घरात वाढलेली होती. गृहस्थांचा गोंधळ मला अगदी प्रामाणिक वाटला. ‘मी रागावलो होतो हे खरे, पण मी काही तसले बोललो नाही,’ असे ते पुनःपुन्हा म्हणत होते. मी त्यांना विचारले, ‘याच अर्थाचा मराठी शब्द तुम्ही तिला वापराल का?’ त्यावर ते खुर्चीत मागे सरकले आणि म्हणाले, ‘बाई, काय बोलता!’

आम्ही त्यांच्या नेहमीच्या वापरातले बारा इंग्रजी शब्द कागदावर लिहिले. पहिल्या बैठकीत मी चूक केली: प्रत्येकासमोर त्यांना मराठी प्रतिशब्द लिहायला सांगितला. त्यातून काहीच हाती लागले नाही, कारण शिव्यांचे भाषांतर शब्दकोशाच्या मार्गाने होत नाही. मराठीतल्या जड शिव्या बव्हंशी आई-बहिणीच्या नात्यावर उभ्या आहेत. इंग्रजीतल्या पुष्कळशा शरीर, संभोग आणि धर्म यांवर उभ्या आहेत. शब्दशः भाषांतर केले की कधी निरुपद्रवी, कधी हास्यास्पद शब्द मिळतो, आणि माणसाला वाटते की मूळ शब्दही तसाच असणार.

दुसऱ्या बैठकीत आम्ही अर्थ बाजूला ठेवला. प्रत्येक इंग्रजी शब्द त्यांनी सावकाश, मोठ्याने म्हणायचा आणि तो म्हणताना स्वतःला किती जड गेले, याला शून्य ते दहा असा अंक द्यायचा. मग त्याच प्रसंगी, त्याच माणसावर, तेवढ्याच रागात मराठीतला कोणता शब्द आला असता, तो निवडून त्यालाही अंक द्यायचा; तोंडाने म्हणवत नसेल तर नुसता मनात आणायचा. तिसरा अंक त्यांनी घरी जाऊन मिळवायचा होता: इंग्रजी ही ज्यांची बालपणापासूनची भाषा आहे, अशा तीन विश्वासू परिचितांना हा शब्द रागाच्या भरात कोणी तुम्हाला म्हटला तर किती लागेल, असे विचारून. आठ शब्दांच्या बाबतीत पहिला आणि तिसरा अंक एकमेकांच्या बरेच जवळ आले. चार शब्दांत अंतर मोठे होते. ज्या शब्दावरून तक्रार झाली, त्याला त्यांनी स्वतः दोन दिले होते. मनात आलेल्या मराठी शब्दाला नऊ. आणि तिघा परिचितांनी दिलेले अंक आठ, नऊ आणि नऊ असे होते. तो कागद ते बराच वेळ पाहत राहिले. आपण काय बोललो, हे त्यांना शरीराने कळले ते त्या नऊच्या अंकाने, मराठीतून.

या चार-आठ विभागणीविषयी थोडे सांगायला हवे, कारण परभाषेत बोलणारे सगळ्याच शिव्यांना कमी लेखतात असा समज चुकीचा आहे. देवाल यांनी २०१६ मध्ये इंग्रजीतल्या तीस नकारात्मक शब्दांविषयी दोन हजारांहून अधिक जणांची मते मांडली. त्यात इंग्रजी ही पहिली भाषा असलेले आणि नंतर शिकलेले असे दोन्ही गट होते. नंतर शिकलेल्यांनी बहुतेक शब्दांची आक्षेपार्हता उलट जास्तच धरली होती. अपवाद होता तो यादीतल्या सर्वांत आक्षेपार्ह शब्दाचा: त्याला मात्र त्यांनी कमी लेखले. ‘वेडपट’ म्हणण्याइतक्या सौम्य शब्दालाही आपण जपून वापरतो आणि ज्याला खरोखर जपायचे तो शब्द सहज सोडतो, असे यातून होते. हा घोटाळा स्वतःहून ओळखण्याची खूण एकच आहे: तुम्ही तो शब्द उच्चारल्यावर ज्यांची ती पहिली भाषा आहे, ते क्षणभर थांबतात, नजर वळवतात किंवा विषय बदलतात, आणि तुम्हाला मात्र काही घडल्यासारखे वाटत नाही.

आणखी एका बाबतीत मला तुम्हाला सावध करावेसे वाटते. गाविन्कोव्स्का, पारादोव्स्की आणि बिलेविच यांनी २०१३ मध्ये पोलिश-इंग्रजी भाषकांना शिव्यांनी भरलेले मजकूर भाषांतरासाठी दिले. भाषांतर करताना शब्द किती जहाल निवडायचा, हे त्यांच्यावर सोडले होते. साध्या शिव्यांमध्ये परभाषेत जाताना धार वाढली नाही. वाढली ती विशिष्ट समाजगटांना हिणवणाऱ्या शब्दांमध्ये. म्हणजे परभाषेत केवळ भावनेचा जोर कमी होतो एवढेच घडत नाही. आपल्या समाजाने घालून दिलेली बंधनेही सैल होतात, आणि एखाद्या गटाविषयी मातृभाषेत जे बोलायला जीभ धजत नाही, ते तिथे बोलून जाते. माझ्या मते सहज तोंडात येणाऱ्या उद्गारवाचक शिवीपेक्षा याची काळजी कितीतरी अधिक करायला हवी, कारण अशा शब्दाची जखम एकट्या माणसापुरती राहत नाही.

हे सगळे वाचून परभाषेतला हलकेपणा हा दोषच आहे, असा ग्रह करून घेऊ नका. समुपदेशनात मी त्याचा उपयोगही करते. राल्फ ग्रीनसन या मनोविश्लेषकाने १९५० मध्ये ऑस्ट्रियात जन्मलेल्या एका स्त्री-रुग्णाविषयी लिहिले आहे, जी उपचारात जर्मन बोलायला तयार नसे, कारण त्या भाषेत ती पुन्हा घाबरलेली लहान मुलगी होत असे. माझ्याकडे आलेल्या एका तरुणीने लहानपणी घरात रोज ऐकलेल्या शिव्यांची हकिगत तीन बैठका इंग्रजीतून सांगितली, एकदाही न अडखळता, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट असावी तशी. मी घाई केली नाही, कारण तो आडोसा तिला लागत होता. चौथ्या बैठकीत, आधी तिची परवानगी घेऊन आणि कधीही थांबता येईल असे सांगून, मी विचारले की प्रत्यक्ष शब्द कोणता होता. तिने तो मराठी शब्द अगदी हळू उच्चारला आणि तिचा हात आपोआप गालाकडे गेला. मारल्याचा उल्लेख तोपर्यंत तिने केलेला नव्हता. तो त्यानंतर आला. इंग्रजीत ती खोटे बोलत नव्हती. ज्या भाषेत मार बसला नव्हता, त्या भाषेत मार आठवलाही नव्हता.

तुम्ही एकटे असताना मराठी शिवी उच्चारू शकत नाही, त्यात काही बिघाड नाही. ऐकणारे कोणी नसले तरी तुमचे स्वतःचे कान ऐकत असतात, आणि पहिला धाक त्यांनीच घेतलेला आहे. त्याच कारणाने, पायाच्या करंगळीला दार लागले किंवा खरा संताप आला, तर आयुष्यभर परभाषेत वावरलेल्या माणसाच्याही तोंडून अनेकदा मातृभाषेतलीच शिवी बाहेर पडते; देवाल यांच्या प्रश्नावलीत अनेकांनी मनापासून शिवी द्यायची तर ती पहिल्याच भाषेत, असे सांगितले आहे. काहींनी नेमक्या उलट कारणाने परभाषा निवडली होती, जशी तुम्ही निवडता: तिथे कोणी रागावत नाही.

मात्र तुमच्या इंग्रजी शिवीचे आजचे वजन कायम तेवढेच राहील, असे समजू नका. भाषा ज्या नात्यांत वापरली जाते, त्या नात्यांकडून ती भार उचलत जाते. परभाषक जोडीदाराबरोबर दहा-बारा वर्षे संसार केलेले लोक माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांना मी मुद्दाम विचारते की भांडणात कोणता शब्द सर्वांत जास्त लागतो. पुष्कळदा तो त्यांच्या बालपणीचा शब्द नसतो. तो जोडीदाराने एका विशिष्ट रात्री, त्याच्या भाषेत उच्चारलेला शब्द असतो. लग्नाआधी हाच शब्द आपण मित्रांत हसत वापरत होतो, असेही ते सांगतात, आणि आता मला तो सांगतानाही आवाज खाली उतरवतात.